नावाचा रकाना दुरुस्त करा : सीमाभागातल्या महाविद्यालयांच्या प्लेसमेंट समन्वयकांना खुले पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातल्या महाविद्यालयांत प्लेसमेंटचं काम बघणाऱ्या सर्व सर-मॅडमना सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच एक आहे. विद्यार्थ्यांकडून गुगल फॉर्म भरून घ्यायचा, त्याचं एक्सेल पत्रक करायचं आणि बंगळूर, पुणे, हैदराबादच्या कंपन्यांना धाडायचं, हे काम मीही करते. त्या पत्रकात गुण, बॅकलॉग, मोबाईल नंबर हे सगळं आपण दोन-दोनदा तपासतो. तपासत नाही तो एकच रकाना, पहिला. तिथे `Name` असं लिहिलेलं असतं आणि गुणपत्रिकेवरचं नाव आपण जसंच्या तसं उतरवून मोकळे होतो. या पत्रात मी त्या एका रकान्याबद्दलच लिहिणार आहे.

गेल्या हंगामात आमच्या एका विद्यार्थिनीचं काय झालं ते आधी सांगते. तिचं खरं नाव देत नाही, त्याच बांधणीचं दुसरं नाव घेते: ज्ञानेश्वरी भरमाण्णा येळ्ळूरकर. गुणपत्रिकेवर आडनाव आधी होतं, म्हणून पत्रकात गेलं `YELLURKAR DNYANESHWARI BHARMANNA`. कंपनीच्या भरतीच्या सॉफ्टवेअरने जागा बघून नाव तोडलं. पहिला शब्द म्हणजे फर्स्ट नेम, शेवटचा म्हणजे लास्ट नेम, मधला मिडल नेमच्या खणात. फोन करणाऱ्या बाईंच्या पडद्यावर फक्त पहिला आणि शेवटचा शब्द दिसत होता. त्यांनी विचारलं, "यलर्कर बर्मन्ना?" पोरीला वाटलं सोसायटीचा नाहीतर बँकेचा फोन असणार. तिने सांगितलं, "ते माझे बाबा. शेतात गेलेत, संध्याकाळी करा." तिकडे तिच्या नावापुढे नोंद झाली की उमेदवार फोनवर सापडला नाही.

तीन दिवसांनी यादी परत आली तेव्हा मला ते कळलं. "मॅडम, बानाच बोलवूलेत असं वाटलं मला," ती म्हणाली. मी कंपनीला फोन करून तिची मुलाखत पुन्हा लावून घेतली. मुलाखत व्हिडिओवर होती. समोरच्या तिघांपैकी एकाने तिचं नाव दोनदा वाचायचा प्रयत्न केला, अडखळला आणि म्हणाला, तुला नुसतं 'डी' म्हटलं तर चालेल का? ती हो म्हणाली. बाविसाव्या वर्षी, पहिल्या मुलाखतीत कोण नाही म्हणेल? पुढचा अर्धा तास ती 'डी' होती. त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याच्यापुढे ते नाव कसं उच्चारायचं याचा एक शब्दही आपण ठेवला नव्हता, आणि ती चूक आपल्या पत्रकाची होती.

आपल्या भागात हे जास्त का घडतं, तर इथे नाव लिहायच्या तीन रीती एकाच वर्गात बसलेल्या असतात. मराठी रीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी, आणि तीच कागदावर कधी आडनावापासून सुरू होते. कन्नड रीतीत बऱ्याचदा नुसती आद्याक्षरं असतात, कधी पुढे, कधी मागे: `SAVITA K`, `S B PATIL`. तिसरी रीत म्हणजे आडनावच न लावणारी घरं. या तिन्ही एका रकान्यात कोंबल्या की कुठला शब्द कोणाचा हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्गच उरत नाही. `SAVITA K` मधला `K` लास्ट नेम होऊन बसतो. आडनाव नसलेल्या पोराला कंपनीच्या पोर्टलवर तो खण रिकामा सोडता येत नाही, म्हणून तो `NA` भरतो, आणि ऑफर लेटर येतं ते `Mr. NA` या नावाने.

म्हणून पहिली विनंती अशी की गुणपत्रिकेवरचं नाव आहे तसं एका रकान्यात ठेवा, कारण पडताळणीला तेच लागतं. पण त्याच्या शेजारी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असे तीन वेगळे रकाने करा आणि ते विद्यार्थ्यालाच भरू द्या. कारकुनाने किंवा एक्सेलच्या `Text to Columns` ने तोडायचं नाही, कारण तिथे चूक होते हे आपण पाहिलंच. आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवू नका. आडनाव नसेल आणि कंपनीचं पोर्टल अडून बसलं, तर वडिलांचं पूर्ण नाव घालायला सांगा आणि पुढे प्रत्येक ठिकाणी तेच घालायला सांगा. पॅनच्या अर्जात आद्याक्षरं चालत नाहीत, ती उलगडून लिहावी लागतात. त्यामुळे गुणपत्रिकेवर `K` आणि पॅनवर पूर्ण नाव अशी तफावत आपल्या मुलांत सर्रास असते. ती दडवू नका, पत्रकात दोन्ही दिसू द्या.

ज्ञानेश्वरीची ओळ आता आमच्या पत्रकात अशी दिसते. नोंदणी क्रमांकातली महाविद्यालयाची अक्षरं मी झाकली आहेत:

```
USN               : 2XX21CS045
Name (marks card) : YELLURKAR DNYANESHWARI BHARMANNA
Given name        : DNYANESHWARI
Father's name     : BHARMANNA
Surname           : YELLURKAR
Call me           : Dnyaneshwari
Say it            : dnyaa-nesh-wa-ree  yeL-Loor-kar
Devanagari        : ज्ञानेश्वरी येळ्ळूरकर
Audio             : 2XX21CS045.mp3
```

`Call me` हा रकाना लहान दिसतो, पण फोन करणाऱ्या माणसाला खरा उपयोग त्याचाच. कायद्याने नाव काय आणि हाक काय मारायची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'डी' म्हटलेलं चालत असेल तर पोरीने तसं स्वतः लिहावं. मुलाखतीच्या टेबलावर दुसऱ्याने ते ठरवू नये.

आता `Say it` बद्दल, कारण इथे आपण सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. आपल्याला वाटतं इंग्रजी स्पेलिंग बरोबर असलं की उच्चार आपोआप बरोबर येईल. तसं होत नाही, आणि याचा पुरावा आपल्याच गावात आहे. मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं आवार आहे, त्याचं नाव `Jnana Sangama`. आपल्या मुलीच्या नावात तेच अक्षर आहे आणि आपण ते `Dny` असं लिहितो. हिंदी प्रदेशातला माणूस त्याच अक्षराला 'ग्य' म्हणतो, कन्नड माणूस 'ज्न' किंवा 'ग्न' म्हणतो, आपण 'द्न्य' म्हणतो. त्यामुळे पुण्यातल्या हिंदीभाषक भरती अधिकाऱ्याला देवनागरीत 'ज्ञानेश्वरी' लिहून दिलं तरी तो 'ग्यानेश्वरी' म्हणणार. देवनागरीचा रकाना असावाच, पण या एका अक्षरासाठी तो पुरत नाही. `dnyaa` असं तोडून लिहावं लागतं.

ळ चं उलट आहे. रोमन लिपीत त्याला अक्षर नाही, म्हणून येळ्ळूरचं 'येल्लूर' होतं. पण बंगळूरमधल्या माणसाला हा उच्चार शिकवावा लागत नाही, त्याच्या स्वतःच्या शहराच्या नावात तो आहे. कन्नडमध्ये बेंगळूरु आणि बेळगावी या दोन्ही नावांत ळ आहे, मल्याळी माणसाच्या केरळमध्येही आहे. म्हणून पत्रकाच्या माथ्यावर आम्ही एक ओळ टाकतो: `Capital L as in Bengaluru, the way Kannada speakers say it`. एवढ्या एका ओळीने येळ्ळूरकर, कुठल्याही गावचा गोळे, सगळे सुटतात. कन्नड येणाऱ्या विद्यार्थ्याने आपलं नाव कन्नड लिपीतही लिहून दिलं तर बंगळूरच्या कंपनीसाठी ते देवनागरीपेक्षा जास्त कामाचं ठरतं. हे मी भाषेच्या राजकारणात न शिरता सांगते आहे. वाचणाऱ्याला जी लिपी वाचता येते, तीच त्याच्या उपयोगाची.

तिसरी अडचण त आणि थ ची. कर्नाटकात आणि सगळ्या दक्षिणेत त साठी `th` लिहायची रीत आहे, आपण नुसतं `t` लिहितो. त्यामुळे एकाच शाळेत एका वर्षी सविताचं `SAVITA` होतं आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गुरुजींच्या हातून `SAVITHA`. पहिलं स्पेलिंग दक्षिणेतला माणूस 'सविटा' वाचू शकतो, दुसरं उत्तरेतला माणूस 'सविथा' वाचतो. इथे कुठलंच स्पेलिंग सगळ्यांना पुरणार नाही. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की उच्चार सोपा व्हावा म्हणून मुलांना स्पेलिंग बदलायला सांगू नका. रेझ्युमेवर `Savita`, गुणपत्रिकेवर `SAVITHA` आणि आधारवर तिसरंच असं झालं की कागदपत्रांच्या पडताळणीत काम अडतं, आणि पुढे पीएफच्या खात्यावर आधारप्रमाणे नाव जुळवत बसावं लागतं. स्पेलिंग कागदासाठी आहे, ते कागदाप्रमाणेच राहू द्या. उच्चाराची सोय वेगळी करा.

ती वेगळी सोय म्हणजे आवाज. लिहून जे साधत नाही ते पाच सेकंदांच्या ध्वनिमुद्रणाने साधतं, पण ते नीट केलं तरच. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना सांगितलं, व्हॉट्सॲपवर नाव बोलून पाठवा. साठ आवाज आले आणि डाउनलोड केल्यावर सगळ्या फाइलींची नावं `PTT-` आणि तारखेने सुरू होणारी. कुठला आवाज कोणाचा हे ऐकूनच ओळखायची वेळ आली. त्या `.opus` फाइली कंपनीतल्या काही जणांच्या संगणकावर उघडल्याही नाहीत. आता फोनमधल्या रेकॉर्डरवर बोलून घेतो, एमपी३ करतो आणि फाइलला विद्यार्थ्याचं नाव न देता नोंदणी क्रमांक देतो. नावाच्या स्पेलिंगचा घोळ निस्तरायला निघालेल्या फाइलीचं नाव त्याच स्पेलिंगवर अवलंबून ठेवण्यात अर्थ नाही.

बोलायचं कसं, हे मी वर्गात उभं राहून सांगते. पंखा बंद करायचा, कारण ज्ञ मधला 'द्' फार हलका असतो आणि पंख्याच्या घरघरीत तो आधी बुडतो. फोन तोंडापासून वीतभर लांब धरायचा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं, आणि आपल्या नावात नेमकं पहिलंच अक्षर अवघड असतं. मग नाव आणि आडनाव एकदा नेहमीच्या लयीत, आणि एकदा सावकाश. बाकी काही नाही, 'माय नेम इज' सुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. रेकॉर्डर सुरू झाला की मुलं स्वतःचंच नाव इंग्रजी वळणाने म्हणायला लागतात. ज्ञानेश्वरीने पहिल्यांदा स्वतःला 'डिनॅनेश्वरी येलूर्कर' म्हटलं होतं. मोठ्या कंपनीत असंच म्हणायचं असतं अशी तिची समजूत होती. तसं मुद्रण पाठवलं तर आपण चुकीच्या उच्चारावर स्वतःच शिक्का मारून देतो. मी तिला म्हटलं, आई परसातून हाक मारते तसं म्हण. दुसऱ्या खेपेला ळ लख्ख आला. तुम्हीही प्रत्येक मुद्रण स्वतः ऐका, त्याला पाच-सहा सेकंदांहून जास्त वेळ लागत नाही.

मुद्रण कुठे ठेवायचं यातही चुका होतात. ड्राइव्हवर फोल्डर केलं तर `Anyone with the link` असं ठेवून दुसऱ्याच्या फोनवरून, आपल्या खात्यातून बाहेर पडून, एकदा उघडून बघा. नाहीतर कंपनीच्या माणसाला परवानगी मागायचं पान दिसतं आणि तो ती मागत नाही, पुढे जातो. लिंक्डइनवर मुलांनी आपल्या प्रोफाइलवर दहा सेकंदांपर्यंतचं नावाचं मुद्रण ठेवावं. ते फोनवरच्या ॲपमधूनच करता येतं, संगणकावर तो पर्याय शोधत बसू नये. कोणाला ऐकू जावं याची निवड तिथेच असते. ती फक्त ओळखीच्यांपुरती ठेवली तर भरती करणाऱ्या अनोळखी माणसाला नावाजवळचं स्पीकरचं चिन्ह दिसणारच नाही.

एवढं करूनही माहिती वाटेत गळते, हे मला या वर्षी कळलं. पत्रक जातं भरती विभागाकडे आणि मुलाखत घेतो तांत्रिक विभागातला माणूस. त्याच्यापुढे आपलं पत्रक नसतं, फक्त रेझ्युमेची पीडीएफ असते. म्हणून `Say it` ची ओळ रेझ्युमेवर पाहिजेच. ती नावाच्या खाली स्वतंत्र ओळीत, लहान अक्षरात असावी आणि तिलाच मुद्रणाची लिंक जोडावी. नावाच्याच ओळीत कंसात उच्चार घालू नका. रेझ्युमे वाचणारी सॉफ्टवेअरं तो कंसही नावाचा भाग समजून उचलतात, आणि आपण परत पहिल्या दुखण्यावर येतो.

पत्रक पाठवण्याआधी तीन गोष्टी करून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. नावात किती शब्द आहेत ते एक्सेलला मोजू द्या:

```
=LEN(TRIM(B2))-LEN(SUBSTITUTE(TRIM(B2)," ",""))+1
```

उत्तर ३ सोडून काहीही आलं तर ती ओळ विद्यार्थ्याला समोर बसवून तपासा. आद्याक्षरं, जोडून लिहिलेली नावं, आडनाव नसलेली नावं, बहुतेक सगळी याच चाळणीत सापडतात. आडनाव आधी असलेली आणि `S B PATIL` सारखी नावं मात्र सापडत नाहीत, कारण तिथेही शब्द तीनच असतात. त्यासाठी `Dear` पुढे `Given name` जोडून सगळ्या ओळींची पत्रं नुसती पडद्यावर तयार करा आणि नजर फिरवा. `Dear YELLURKAR` किंवा `Dear S` असं दिसलं की चूक कुठे आहे ते लगेच कळतं. आणि शेवटी, मराठी न येणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला `Say it` चा रकाना मोठ्याने वाचायला लावा. आमच्याकडे हे काम केरळचे एक सर आनंदाने करतात. ते जिथे अडखळतात तिथे आम्ही तोडणी बदलतो. देवनागरीचा रकाना असलेलं पत्रक सीएसव्ही करून पाठवायचं असेल तर `CSV UTF-8` हाच प्रकार निवडा, नाहीतर पलीकडे नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात.

एका बाबतीत माझं मत तुमच्यातल्या काहींना पटणार नाही, तरी सांगते. आवाजाच्या फाइली पहिल्या चाळणीच्या वेळी पाठवू नका. पाच सेकंदांच्या आवाजातही बोलण्याचा ढंग, खेड्यातला की शहरातला, हे कळतं, आणि कोणाला बोलवायचं हे ठरवणाऱ्या माणसाच्या कानावर ते पडायची गरज नाही. निवडलेल्यांची यादी परत आली, मुलाखतीची वेळ ठरली की त्याच ईमेलसोबत लिंक द्या. मुद्रण करायचं की नाही हे विद्यार्थ्याने ठरवावं, ज्याला नको त्याचा रकाना रिकामा राहू द्या. हंगाम संपला की फोल्डर पुसून टाका. मुलांचा आवाज वर्षानुवर्षं आपल्या ड्राइव्हवर पडून राहणं बरोबर नाही.

आमच्या पत्रकाचा कोरा नमुना कोणालाही हवा असेल तर आमच्या सेलमध्ये येऊन पेनड्राइव्हवर घेऊन जा, सोबत मुलांना रेकॉर्डिंगसाठी द्यायचं मराठी-कन्नड सूचनांचं पानही आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या पदवी महाविद्यालयांत नोंदणी क्रमांकाची रचना वेगळी आहे, तेवढा एक रकाना तुम्हाला बदलावा लागेल. हंगामाची पहिली पत्रकं जायच्या आत, म्हणजे सहावं सत्र संपायच्या आधी, एक वर्ग घेऊन बघा. साठ मुलांचं मुद्रण आमच्याकडे दोन तासिकांत झालं.

आपली,
बेळगावातल्या एका महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलमधली सहकारी